ऑडिट कमिटीने ऑडिटरला काय विचारायचं, आणि कधी

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर. निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या एका लिस्टेड फाउंड्री कंपनीत स्वतंत्र संचालक झालोय आणि ऑडिट कमिटीवर आहे. मे महिन्यातल्या मीटिंगमध्ये ऑडिटर साहेबांनी वीस मिनिटं स्लाइड्स दाखवल्या, ‘क्लीन रिपोर्ट आहे’ म्हणाले, आम्ही माना डोलावल्या आणि त्याच दुपारी बोर्डाने निकाल मंजूर केले. ऑडिटरने आम्हाला नक्की काय सांगणं बंधनकारक आहे, ते कधी सांगायचं, आणि अकाउंट्स न शिकलेल्या माझ्यासारख्याने त्यांना काय विचारावं?

उत्तर:

नमस्कार सर. तुमची खरी अडचण अकाउंट्स न येण्याची नाही, तारखेची आहे. सकाळी कमिटी, दुपारी बोर्ड आणि संध्याकाळी निकाल एक्स्चेंजवर, असा दिवस ठरलेला असेल तर त्या सकाळी विचारलेल्या चांगल्यातल्या चांगल्या प्रश्नानेही ताळेबंदातला एक आकडा हलत नाही. ऑडिटरने तुम्हाला सांगायच्या बऱ्याच गोष्टी त्या दिवसाच्या कितीतरी आधी सांगण्यासारख्या असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं ऑडिट मी बरीच वर्षं करतोय. ज्या कमिट्यांनी मला लवकर बोलावलं त्यांच्याशी झालेलं बोलणं आणि शेवटच्या दिवशी झालेलं बोलणं यांत मोठा फरक असतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमची कंपनी मुख्य बोर्डावर लिस्टेड आहे असं मी धरतो. तसं असेल तर कंपनी कायद्याचं कलम १७७ आणि सेबीच्या लिस्टिंग नियमांमधला नियम १८ असे दोन्ही तुम्हाला लागू आहेत. कंपनी एसएमई प्लॅटफॉर्मवर असेल किंवा फार लहान असेल तर सेबीच्या नियमांतला बराचसा भाग लागू होत नाही, कलम १७७ मात्र राहतं. आपल्या भागातले सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि नागरी बँका यांची चौकट वेगळी आहे, त्यामुळे तिथल्या संचालकांनी हे उत्तर जसंच्या तसं उचलू नये. पण ऑडिटरने काय सांगायचं याचा गाभा ऑडिटच्या मानकांमध्ये आहे. ती मानकं म्हणजे मुख्यतः एसए २६० आणि एसए २६५.

एसए २६० नुसार ऑडिटरने कारभाराची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑडिट कमिटीला, चार प्रकारच्या गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, माझी जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, आणि माझ्या ऑडिटमुळे तुमची किंवा व्यवस्थापनाची जबाबदारी कमी होत नाही. दुसरी, यंदाच्या ऑडिटची आखणी आणि वेळापत्रक, त्यातही मला सर्वांत मोठी जोखीम कुठे दिसते. तिसरी, ऑडिट करताना काय हाती लागलं. हिशेबाची धोरणं, अंदाज आणि खुलासे यांबद्दल माझं मत काय, कोणत्या अडचणी आल्या, व्यवस्थापनाशी कोणत्या महत्त्वाच्या विषयांवर चर्चा झाली, त्यांच्याकडून कोणती लेखी निवेदनं मागितली आणि माझ्या अहवालाचं स्वरूप कशामुळे बदलू शकतं, हे सगळं यात येतं. चौथी गोष्ट स्वातंत्र्याची. लिस्टेड कंपनीत ऑडिटरने आपण आणि आपली फर्म स्वतंत्र असल्याचं लेखी द्यायचं असतं, आणि फर्मचे कंपनीशी असलेले संबंध आणि सगळ्या कामांची मिळून फी सांगायची असते.

यातलं सगळंच कागदावर यायला हवं असं नाही. बरंचसं तोंडी चालतं, फक्त ऑडिटरने त्याची आपल्या फाइलमध्ये नोंद ठेवायची. पण स्वातंत्र्याचं निवेदन लेखीच लागतं. एसए २६५ नुसार अंतर्गत नियंत्रणातल्या लक्षणीय त्रुटीही कमिटीला लेखीच कळवाव्या लागतात. ‘त्यांना फोनवर बोललो होतो’ हे इथे पुरेसं नाही.

आता तुम्ही पाहिलेल्या वीस मिनिटांत काय राहून गेलं असेल ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे मी समजायला सोपे ठेवलेत, पण प्रकार आपल्याकडच्या फाउंड्र्यांमध्ये नेहमीचा आहे.

समजा कंपनीचा करपूर्व नफा ९ कोटी आहे. एसए ३२० मध्ये उत्पादन कंपनीसाठी उदाहरण म्हणून करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांचा उल्लेख आहे. ऑडिटरने तोच धरला तर मटेरियॅलिटी ४५ लाखांची झाली. म्हणजे एखादी चूक, किंवा सगळ्या चुका मिळून, ४५ लाखांच्या वर गेल्या तर हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो असं त्यांनी ठरवलं.

३१ मार्चला यार्डात १८० टन जुनी कास्टिंग्ज पडून आहेत. गिऱ्हाईक कंपनीने इंजिनाचं मॉडेल बदललं आणि या पार्ट नंबरांचं शेड्यूल आटलं. पुस्तकात हा माल किलोला १०० रुपयांप्रमाणे उभा आहे, म्हणजे १ कोटी ८० लाख. व्यवस्थापनाने त्यावर सरसकट १० टक्के, म्हणजे १८ लाखांची तरतूद केली. त्यांचं म्हणणं, ‘स्पेअर म्हणून उचलतील, कास्टिंग काय कुजत नाही.’

तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे ओतलेला सिलिंडर ब्लॉक दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. तो उचलला गेला नाही तर फोडून परत भट्टीत घालायचा, म्हणजे त्याची किंमत स्क्रॅपची. ती किलोला ३५ रुपये धरू. हिशेबाचा नियम असा की माल खर्च किंवा विकून हाती पडणारी रक्कम, यांतलं जे कमी असेल त्या किमतीला दाखवायचा. ऑडिटरने शेड्यूल आणि मार्चनंतरचे डिस्पॅच तपासले. ६० टनांचं शेड्यूल हातात आहे, त्याला काही करायला नको. उरलेल्या १२० टनांपैकी फार तर ३० टन स्पेअर म्हणून जातील असं दिसतं. म्हणजे ९० ते १२० टन माल भट्टीचा. किलोला ६५ रुपये तोटा धरला तर ऑडिटरच्या मते तरतूद साडेअठ्ठावन्न लाख ते ७८ लाख यांच्यामध्ये कुठेतरी हवी होती.

व्यवस्थापनाचा आकडा १८ लाख, ऑडिटरच्या पल्ल्याचं जवळचं टोक साडेअठ्ठावन्न लाख. मानकांप्रमाणे या दोहोंतलं अंतर, साडेचाळीस लाख, ही किमान चूक धरली जाते. त्याशिवाय गिऱ्हाइकांनी मार्चच्या रिजेक्शनसाठी पाठवलेल्या १२ लाखांच्या डेबिट नोटा कंपनीने एप्रिलमध्ये बुक केल्या आहेत. दोन्ही मिळून साडेबावन्न लाख, म्हणजे ४५ लाखांच्या वर. आता ऑडिटर म्हणतो, हे असंच ठेवलंत तर मला रिपोर्टमध्ये शेरा द्यावा लागेल. मग सीएफओ आणि मालक बसतात आणि ठरवतात की डेबिट नोटांची एंट्री मार्चमध्ये घेऊ, कास्टिंगचं आहे तसंच राहू दे. उरले साडेचाळीस लाख. ४५ च्या खाली. रिपोर्ट क्लीन.

‘क्लीन रिपोर्ट आहे’ हे वाक्य इथे पूर्णपणे खरं आहे. आणि कंपनीचा नफा ऑडिटरच्या मते किमान साडेचाळीस लाखांनी फुगलेला आहे, हेही तितकंच खरं आहे. पहिली गोष्ट स्लाइडवर येते. दुसरी गोष्ट एसए ४५० नुसार तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. न दुरुस्त केलेल्या चुका, त्यांचा अहवालावर परिणाम, त्यांतल्या मोठ्या चुका वेगवेगळ्या करून, आणि मागच्या वर्षीच्या राहिलेल्या चुकांचा यंदावर परिणाम, हे सगळं ऑडिटरने कमिटीपुढे ठेवायचं असतं आणि ते दुरुस्त करा अशी विनंतीही कमिटीला करायची असते. विनंती मान्य करायची की नाही हा तुमचा निर्णय. पण तो निर्णय मालक आणि सीएफओने तुमच्या वतीने आधीच घेऊन टाकलेला नसावा.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असावा, आणि तो विचारायला अकाउंट्स लागत नाहीत. ‘तुम्ही सुचवलेल्या आणि कंपनीने न केलेल्या दुरुस्त्यांची यादी दाखवा. त्याशिवाय, तुम्ही सुचवल्यावर कंपनीने ज्या केल्या, त्यांचीही यादी दाखवा.’ दुसरी यादी लोक मागत नाहीत, पण कंपनीचं अकाउंट्स खातं स्वतःहून किती बरोबर करतं हे तिच्यातूनच दिसतं. ऑडिटरने दहा मोठ्या एंट्र्या सुचवून सगळ्या झाल्या, तर अंतिम आकडा बरोबर असेल. पण जूनच्या तिमाहीला, जिथे फक्त मर्यादित तपासणी असते, त्या दहा चुका पकडायला तितकं कुणी नसेल.

न दुरुस्त केलेल्या चुकांची यादी मिळवायला भांडावं लागत नाही, कारण ती आधीच तयार असते. व्यवस्थापन ऑडिटरला जे लेखी निवेदन देतं, त्यात ‘या चुका आमच्या मते गौण आहेत’ असं म्हणायचं असतं आणि त्याला यादी जोडलेली असते. ते निवेदन पत्र जोडपत्रासकट कमिटीच्या कागदांमध्ये मागा. ‘अशी यादीच नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच विचारा, ‘किती रकमेखालच्या चुका तुम्ही नोंदवतच नाही?’ प्रत्येक ऑडिटर अशी एक तळाची रक्कम ठरवतो. ती फार वर ठेवली असेल तर यादी रिकामी राहणारच.

दुसरा प्रश्न मतभेदाचा. ‘यंदा कुठल्या अंदाजावर तुमचं आणि व्यवस्थापनाचं मत सर्वांत जास्त वेगळं होतं, आणि ते कसं मिटलं?’ हा प्रश्न मोघम उत्तराला जागा देत नाही. ‘फारसे मतभेद नव्हते’ असं म्हटलं तर एकच अंदाज उचला, वर सांगितला तसा जुन्या मालाचा, आणि त्यांना त्यांचा पल्ला विचारा. पल्ला काढलाच नसेल तर तेही कळेल. मग पुढचं विचारा, ‘सगळे अंदाज एकाच बाजूला झुकलेत का?’ जुन्या मालाची तरतूद कमी, वसुली न होणाऱ्या येण्याची तरतूद कमी आणि वॉरंटीची तरतूदही कमी असेल, तर प्रत्येक आकडा वेगळा पाहिला की चालण्यासारखा वाटतो, पण एकत्र पाहिले की नफा वर ढकललेला दिसतो. ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरए या सरकारी संस्थेने २०२५ च्या जानेवारीत ऑडिटर आणि ऑडिट कमिटी यांच्या संवादावर मालिका सुरू केली तीही अंदाजांपासूनच, आणि पहिला विषय घेतला येण्यावरच्या अपेक्षित तोट्याचा. कुठे पाहायचं याचा यापेक्षा चांगला इशारा मला माहीत नाही.

मटेरियॅलिटीचा आकडा विचारला तर ऑडिटरने सांगायलाच हवा असं मानकात नाही. ती कल्पना कशी वापरली एवढं सांगणं पुरतं. पण बहुतेक ऑडिटर विचारल्यावर सांगतात, आणि तुम्ही विचारा. आकडा मिळाला की त्याच्यापेक्षा महत्त्वाचं हे पाहा: याहून लहान असूनही घातक ठरेल अशी चूक कोणती? बँकेच्या कर्जात एखादं गुणोत्तर राखायची अट असेल आणि कंपनी त्या अटीच्या काठावर असेल, तर २० लाखांची चूकही गौण नसते. ऑडिटरने रक्कम सोडून असं काही पाहिलंय का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

बँकेवरून त्याच कास्टिंगचा दुसरा धागा सांगतो. बँका आणि वित्तसंस्थांकडून चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींहून अधिक खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर असेल, तर ऑडिटरच्या अहवालाबद्दलच्या कारो २०२० या सरकारी आदेशाप्रमाणे त्याला सांगावं लागतं की तिमाही स्टॉक स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर तपशील काय. कर्जाच्या अनेक मंजुरीपत्रांत ठरावीक मुदतीपेक्षा जुना माल ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे तारणावर प्रत्यक्ष किती कर्ज उचलता येईल त्या हिशेबातून, वगळायची अट असते. तेव्हा विचारा, ‘हे १८० टन बँकेला कसे दाखवले होते?’ पुस्तकात तरतूद करताना माल जुना, आणि बँकेला पाठवताना चालू, असं निघालं तर तो प्रश्न फक्त तरतुदीचा राहत नाही. व्यवस्थापन एकाच वस्तुस्थितीबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतंय, आणि ऑडिटरला ते माहीत होतं का, हा प्रश्न उभा राहतो.

आता वेळेबद्दल. नियमाची कमाल मुदत तुम्हाला ठाऊक असेल: वर्षाचे निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत. कमिटीच्या वर्षाला किमान चार मीटिंग, आणि दोन मीटिंगमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. हा सांगाडा झाला. सेबीच्या नियमांत कमिटीच्या कामांमध्ये हेही लिहिलंय की ऑडिट सुरू होण्याआधी ऑडिटरशी त्याच्या स्वरूपाविषयी आणि व्याप्तीविषयी चर्चा करायची आणि ऑडिट झाल्यावर काळजीच्या जागा समजून घ्यायच्या. आधीची चर्चा बऱ्याच कंपन्यांच्या इतिवृत्तात एका वाक्यात असते, प्रत्यक्षात झालेली नसते.

मी कमिट्यांना असं सुचवतो. ऑगस्ट किंवा नोव्हेंबरच्या मीटिंगला आखणी घ्या. त्या वेळी ऑडिटरला विचारा, ‘मोठ्या जोखमी कोणत्या धरल्यात, आणि मागच्या वर्षीपेक्षा कोणती वाढली?’ फाउंड्रीत उत्तर सहसा मालाची मोजणी आणि किंमत, गिऱ्हाइकांचे दरबदल आणि डेबिट नोटा, संबंधित पक्षांशी जॉबवर्क, अशा जागांभोवती फिरतं. तुम्ही त्यात भर घालू शकता. एखादं मॉडेल बंद होणार हे तुम्हाला गिऱ्हाइकाच्या कारखान्यात फिरताना आधी कळतं, ऑडिटरला वर्ष संपल्यावर कळतं. फक्त एक भान ठेवा. कोणत्या दिवशी कोणत्या यार्डात मोजणी आहे असे तपशील त्यांनी सांगू नयेत आणि तुम्ही विचारू नयेत, नाहीतर तपासणीची दिशा आधीच सगळ्यांना ठाऊक होते.

फेब्रुवारीच्या मीटिंगला नियंत्रणांबद्दल विचारा. तोवर ऑडिटरचं अंतरिम काम बरंचसं झालेलं असतं. लक्षणीय त्रुटी सापडली असेल तर तोंडी तरी त्याच वेळी कळायला हवी, म्हणजे मार्चअखेरची मोजणी तरी नीट होईल. लेखी पत्र नंतर येऊ दे, पण तुमच्यासारख्या लिस्टेड कंपनीत ते हिशेब मंजूर करण्याआधी तुमच्या हातात असावं.

मग मे महिना. बोर्डाच्या मीटिंगच्या किमान आठवडाभर आधी एक वेगळी बैठक ठेवा, फक्त उघड्या राहिलेल्या मुद्द्यांसाठी. आमच्या उदाहरणातला साडेचाळीस लाखांचा मुद्दा १८ मेला कमिटीपुढे आला तर व्यवस्थापनाला शेड्यूल दाखवायला, गिऱ्हाइकाचं पत्र आणायला किंवा एंट्री करायला वेळ असतो. २९ मेला आला तर कुणालाच काही करता येत नाही, आणि मग सगळे मिळून ‘गौण आहे’ म्हणतात. ऑडिटरला कामात अडचणी येत असतील, म्हणजे कागद वेळेवर मिळत नसतील किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला बाकीची खात्री विचारायला व्यवस्थापन नको म्हणत असेल, तर तेही शेवटी सांगायचं नसतं. मानकाची अपेक्षा शक्य तितक्या लवकर सांगण्याची आहे, कारण अडचण दूर करायला कमिटीच मदत करू शकते.

त्या मेच्या बैठकीत एक भाग असा ठेवा की ज्यात मालक, सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी बाहेर असतील. वर्षातून निदान एकदा व्यवस्थापनाशिवाय ऑडिटरला भेटणं ही चांगली पद्धत म्हणून मानकातच नमूद आहे. कोल्हापुरात हे अवघड वाटतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात, मुलामुलींच्या लग्नात भेटतात. म्हणून ते एखाद्या संशयावरून अचानक करू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच अजेंड्यावर कायमचं टाका, म्हणजे कुणाला बाहेर जायला सांगितलं असं वाटत नाही. त्या वेळात तीन गोष्टी विचारा. ‘तुमच्यावर वेळेचा किंवा फीचा दबाव आला का? व्यवस्थापनातल्या कुणी उत्तर देताना टाळाटाळ केली का? आणि आम्ही न विचारलेलं असं काय आहे, जे आमच्या जागी तुम्ही असता तर विचारलं असतं?’ तिसऱ्या प्रश्नावर ऑडिटर थांबून विचार करायला लागला तर घाई करू नका.

स्वातंत्र्याचं निवेदन वाचताना फीचा तपशील बघा. ऑडिटरने कंपनीची पुस्तकं लिहिणं, अंतर्गत ऑडिट करणं, हिशेबाची संगणक यंत्रणा बसवणं अशी कामं कलम १४४ ने बंद केली आहेत, मग ती थेट असोत वा नात्यातल्या दुसऱ्या संस्थेमार्फत. करविषयक काम त्या बंद यादीत नाही, पण बोर्डाची किंवा कमिटीची मंजुरी लागते. आपल्याकडे फर्मचा एखादा भागीदार वर्षानुवर्षं कंपनीच्या कर्जाचे प्रोजेक्ट रिपोर्टही करत आलेला असतो. ते काम बंद यादीत बसतं का, आणि त्याची फी ऑडिटच्या फीच्या किती पट आहे, हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. ऑडिटरच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणं हे कायद्याने तुमच्या कमिटीचंच काम आहे.

फसवणुकीबद्दल वेळेची मुदत मात्र कायद्यात बांधलेली आहे, ती पाठ असू द्या. अधिकारी किंवा कर्मचाऱ्यांकडून १ कोटी किंवा त्याहून जास्त रकमेची फसवणूक होत असल्याचं ऑडिटरला वाटलं, तर त्याने दोन दिवसांत बोर्डाला किंवा ऑडिट कमिटीला कळवायचं, तुम्ही ४५ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि त्यानंतर १५ दिवसांत तो केंद्र सरकारकडे एडीटी-४ या फॉर्ममध्ये अहवाल देतो. १ कोटीखालच्या प्रकरणातही दोन दिवसांत तुम्हाला कळवणं आहेच, आणि बोर्डाच्या अहवालात त्याचा खुलासा येतो. उलट दिशेने, तुमच्याकडे आलेल्या व्हिसलब्लोअरच्या तक्रारी ऑडिटरला द्यायला विसरू नका. कारोमध्ये त्यांना त्या विचारात घेतल्या का हे सांगावं लागतं. मानक या बोलण्याला दोन्ही बाजूंचं मानतं. कमिटी काही सांगत नाही, विचारत नाही असं दिसलं तर ऑडिटरला ती गोष्ट जोखमीच्या मूल्यांकनातही धरावी लागते.

अहवालाचा मसुदा हातात आला की ‘प्रमुख ऑडिट बाबी’ हा भाग वाचा. लिस्टेड कंपन्यांच्या अहवालात हा एसए ७०१ प्रमाणे येतो, आणि त्या बाबी तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींतूनच निवडायच्या असतात. म्हणजे तिथे असं काही छापलेलं दिसलं जे कमिटीने कधी ऐकलंच नाही, तर संवाद झालेला नाही याचा तो पुरावा आहे. याच्या उलटही विचारा: ‘आमच्याशी बोललेल्यांपैकी कोणती बाब तुम्ही यात घेतली नाही, आणि का?’

आता लगेच करायचं ते एवढंच. कंपनी सेक्रेटरींना ईमेल करून मागच्या वर्षाचे तीन कागद मागा: ऑडिटरचं एसए २६० खालचं पत्र किंवा ती स्लाइड्सची प्रत, नियंत्रणातल्या त्रुटींचं पत्र असेल तर ते, आणि व्यवस्थापनाचं लेखी निवेदन जोडपत्रासकट. कलम १७७ प्रमाणे कमिटी ऑडिटरकडून नियंत्रणांवर आणि ऑडिटच्या व्याप्तीवर त्यांचं म्हणणं मागवू शकते आणि कोणत्याही संबंधित विषयावर चर्चा करू शकते, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही. जूनच्या तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत द्यायचे असल्याने त्याआधी तुमची मीटिंग होणारच आहे. तिच्या अजेंड्यावर ‘वार्षिक ऑडिटची आखणी, ऑडिट भागीदाराशी चर्चा’ हा विषय वेगळा घालायला सांगा, त्याला पाऊण तास द्या, आणि फर्मकडून सही करणारे भागीदार स्वतः येतील असं पत्रात लिहा. जोडपत्रात न दुरुस्त केलेल्या चुका निघाल्या तर त्यांतली सर्वांत मोठी चूक त्या दिवशी पहिल्यांदा काढा आणि विचारा की यंदा ती कुठे गेली.